देवराया व पारंपरिक संवर्धन पद्धती: मूल्य आणि मर्यादा – १५ गुणांचं उत्तर तपासून द्याल का?

अभ्यासिका_नाशिक

मुख्य परीक्षेच्या सरावासाठी हा प्रश्न घेतला आहे: "देवरायांसारख्या पारंपरिक संवर्धन पद्धतींचे परिसंस्थीय मूल्य व मर्यादा यांची चर्चा करा. (२५० शब्द, १५ गुण)"

मी असं लिहिलंय:

"भारतात निसर्गाला देव मानण्याची परंपरा प्राचीन आहे. महाराष्ट्रात देवराई, कर्नाटकात देवरकाडू, केरळात काव, राजस्थानात ओरण, झारखंडात सरना, मेघालयात लॉ किंतांग अशा नावांनी पवित्र वने ओळखली जातात. येथे कुऱ्हाड चालत नाही, त्यामुळे आदिम जंगल जसेच्या तसे टिकले आहे. देवरायांमुळे पाणी वाढते, औषधी वनस्पती टिकतात, हवामान संतुलित राहते. तथापि शहरीकरण, आधुनिकीकरण व श्रद्धेचा ऱ्हास यांमुळे त्या धोक्यात आल्या आहेत. शासनाने जनजागृती करावी व कायदेशीर संरक्षण द्यावे."

पुढे वाढवायचं आहे, पण काय वाढवावं ते सुचत नाही. मुद्दे तर सगळे आले असं वाटतं.

रानपारखी

मुद्दे आले आहेत, पण हे उत्तर तपासणाऱ्यासमोर शेकड्याने येतं. नावांच्या यादीत तुमचे वीसेक शब्द गेले आणि त्यातून विषय पुढे सरकला नाही. दोन नावं पुरेत.

तुमच्या उत्तरातलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे "येथे कुऱ्हाड चालत नाही". त्यालाच धरून बसा. नियम नेमका काय अडवतो? जिवंत झाड तोडणं. बऱ्याच गावांत कोयता आत न्यायचा नाही, वाळलेली फांदी घरी न्यायची नाही, पडलेलं झाड देवळाच्याच कामाला वापरायचं, असंही असतं. आणि नियम काय अडवत नाही? शेळ्या, गुरं, देवळाभोवतीची झाडलोट, जत्रेचा मांडव, आणि हल्ली फरशी. म्हणजे नियमाने उभं झाड वाचतं, त्याच्या खालचं रोप वाचत नाही. देवराईचं मूल्य आणि तिची मर्यादा दोन्ही एकाच नियमातून निघतात. उत्तराचा कणा हा ठेवलात तर "फायदे" आणि "तोटे" असे दोन डबे करावे लागणार नाहीत.

हे जागेवर कसं ओळखायचं तेही सांगतो. छातीच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून १.३ मीटरवर, ३० सेंटीमीटरपेक्षा जास्त घेर असलेली खोडं १० बाय १० मीटरच्या चौकोनात मोजायची. त्याच चौकोनाच्या एका कोपऱ्यात ५ बाय ५ मीटरमध्ये त्याहून बारीक खोडं मोजायची आणि १ बाय १ मीटरमध्ये रोपं. वर बेहडा, आंबा, सातवीण असे मोठे वृक्ष आहेत, पण खाली त्यांचं एकही पोरगं नाही, नुसती घाणेरी आणि रानमोडी आहे, असं चौकोनामागून चौकोनात दिसलं, तर ती देवराई म्हातारी होत चालली आहे. वरून, उपग्रहाच्या चित्रातून, ती हिरवीगारच दिसेल. म्हणून "क्षेत्र टिकलं म्हणजे देवराई टिकली" हे वाक्य उत्तरात चुकूनही येऊ देऊ नका.

सह्यकन्या

रानपारखी, मला हे पटत नाही. देवराई म्हणजे हजारो वर्षं हात न लागलेलं जंगल. आजूबाजूचा डोंगर बोडका होतो तेव्हा जुनं जंगल फक्त तिथंच उरतं. आणि देवराईत बारमाही झरा असतोच. झाडं पाणी धरून ठेवतात म्हणूनच तो वाहतो. हे मूल्य ठळकपणे यायला हवं. मर्यादांवर एवढा भर दिला तर लोकांना वाटेल की देवराया निरुपयोगी आहेत.

रानपारखी

निम्मं बरोबर आहे, आणि ते निम्मं महत्त्वाचं आहे. भोवतालचं जंगल गेल्यावर काही जाती फक्त देवराईत उरल्या हे खरंच आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून हे नोंदलेलं आहे. गारंबीचा तो हातभर लांब शेंगांचा प्रचंड वेल आठवा. त्याला चढायला उंच, जुनी झाडं लागतात, आणि अशी झाडं गावाजवळ देवराईतच उरली.

पण "हात न लागलेलं" हे सरसकट लिहू नका. कोडगूतल्या देवरायांच्या मातीत साठलेले परागकण तपासले गेले, तेव्हा मधल्या काळात झाडी विरळ होती आणि पुढे पुन्हा दाट झाली असं दिसलं. म्हणजे काही देवराया मूळ जंगलाचे तुकडे आहेत, तर काही राखल्यामुळे परत वाढलेल्या. माझ्या मते ही दुसरी गोष्ट संवर्धनाच्या दृष्टीने जास्त आशेची आहे, कारण गमावलेलं जंगल परत येऊ शकतं असा त्याचा अर्थ होतो.

शिवाय सगळीकडे वापर बंद असतो असंही नाही. मावळातल्या अजिवलीच्या देवराईत भेरली माड आहेत आणि गावकरी त्यांची माडी काढतात. झाड तोडायचं नाही, पण त्याचं उत्पन्न घ्यायचं, असा तो नियम आहे.

झऱ्याचं मात्र उलटही असू शकतं. जिथं पाणी होतं तिथं देव बसवला आणि मग झाडी राखली, असं अनेक ठिकाणी असणार. पाचोळ्याचा थर आणि मुळांनी भुसभुशीत झालेली माती पावसाचं पाणी वाहून जाऊ देत नाही, ते मुरवते, हे बरोबर आहे. पण झाडं पाणी पितात आणि पानांतून हवेत सोडतातही. शिवाय झऱ्याला पाणी पुरवणारा उतार देवराईच्या बाहेर, वरच्या अंगाला असू शकतो. तिथं बोअर मारली किंवा उतार खणून सपाट केला तर आत कितीही झाडं असली तरी झरा आटतो. म्हणून "पाणी वाढते" ऐवजी "पाणी मुरण्यास मदत होते व झऱ्याचा परिसर सुरक्षित राहतो" असं लिहा.

दोडामार्गकर

पाण्याचा विषय निघालाय तर आमच्या तालुक्यातलं उदाहरण उत्तरात घ्या. बांबर्डे गावात भालांडेश्वराची राई आहे. तिथं रानजायफळाची दलदल आहे, २.५९ हेक्टर. राज्य शासनाने ती जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली आहे. पलीकडे गोव्यात सत्तरी तालुक्यात निरंकाराची राई आहे, तिथंही अशीच दलदल आहे.

ही झाडं वर्षभर पाणी साचून राहिलेल्या चिखलात उभी असतात. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून मुळं गुडघा दुमडल्यासारखी वाकून वर येतात आणि परत खाली जातात. चालताना पायाखाली ती कमानीसारखी लागतात. आता अशी जमीन दुसऱ्या कुठल्याही मालकाकडे असती तर काय झालं असतं? पाट काढून पाणी निचरलं असतं आणि पोफळी लावल्या असत्या. सखल, पाणथळ जमीन म्हणजे बागायतीला सोन्यासारखी. देवाची म्हणून ती राहिली.

रानपारखी

या धाग्यातलं हे सगळ्यात चांगलं उदाहरण. अभ्यासिका, हेच घ्या, कारण यात मूल्य आणि मर्यादा दोन्ही दिसतात.

मूल्य दोडामार्गकरांनी सांगितलंच. मर्यादा अशी, की या झाडाचं बी वाळलं की मरतं. ते बियाणं म्हणून डब्यात भरून ठेवता येत नाही, ओलं असतानाच रुजावं लागतं. आणि बी मोठं असल्याने ते दूर नेऊन टाकायला धनेश किंवा मोठी रानकबुतरं लागतात. दलदलीच्या चहूबाजूंना काजू किंवा रबर असेल आणि धनेशाला पुढच्या जंगलापर्यंत जायला उंच झाडांची साखळी नसेल, तर बी आईच्याच पायाशी पडत राहणार. पिढ्यानपिढ्या त्याच मोजक्या झाडांची आपसांत पैदास होत राहणार. कुऱ्हाड एकदाही न चालता असं होऊ शकतं.

आकाराचंही गणित करून पाहा. देवराई चौकोनी धरा. कडेच्या ३० मीटर पट्ट्यात ऊन, वारा, गुरं आणि तण शिरतात असं समजा. हा पट्टा प्रत्येक जंगलात कमीजास्त असतो, ३० हा हिशेबापुरता. एक हेक्टरची बाजू १०० मीटर. दोन्हीकडून ३० गेले की आत ४० बाय ४० मीटर उरतात, म्हणजे १,६०० चौरस मीटर, साधारण १६ गुंठे. शंभरातले सोळा. चार हेक्टरची बाजू २०० मीटर, आत १४० बाय १४०, म्हणजे जवळपास निम्मी देवराई खरी आतली. अर्ध्या हेक्टरच्या देवराईत तर जेमतेम गुंठाभर उरते. म्हणून अर्ध्या-अर्ध्या हेक्टरच्या आठ देवराया आणि चार हेक्टरची एक, यांची बेरीज सारखी असली तरी काम सारखं नसतं. अर्थात आठ ठिकाणच्या आठ देवरायांत मिळून जाती जास्त सापडू शकतात, हेही खरं. त्यामुळे लहान देवराई टाकाऊ नव्हे. तिला एकटी ठेवली तर ती टिकत नाही, इतकंच.

गावकर_राजापूर

माझा प्रश्न परीक्षेचा नाही, पण इथं जाणकार आहेत म्हणून विचारतो. आमच्या देवळाचा जीर्णोद्धार ठरलाय. कौल घेतला, देवाने उजवा दिला. मोठी सात झाडं जाणार आणि देवळाभोवती पेव्हर ब्लॉक बसणार. मानकऱ्यांचं म्हणणं, देवाने परवानगी दिली म्हटल्यावर विषय संपला. मी विरोध केला तर देवाच्या विरोधात गेल्यासारखं होतं. काय करता येईल?

रानपारखी

तुमचा प्रश्न या उत्तराच्या गाभ्यातलाच आहे. नियम देवाच्या नावाने चालतो, पण देवाला विचारायचं काय, हे माणसं ठरवतात. "देऊळ बांधू का" असं विचारलं तर उजवा येणारच. "झाडं राखून देऊळ बांधू का" हा प्रश्न कुणी घातलाच नसेल, तर पुन्हा गाऱ्हाणं घालून तो विचारायला परंपरेत काहीही आडवं येत नाही. गुरव आणि दोन-तीन मानकऱ्यांशी आधी बोला, सभेत एकदम उभे राहू नका.

कामाचं म्हणाल तर पेव्हर ब्लॉकवर जास्त जोर लावा. सात झाडं गेल्याचं सगळ्यांना दिसेल. ब्लॉकने होणारं नुकसान दिसणार नाही. ब्लॉकखालची जमीन रोलरने दाबतात, पाणी मुरायचं थांबतं आणि शेजारच्या मोठ्या झाडाच्या वरवरच्या, अन्न शोषणाऱ्या मुळांना हवा मिळत नाही. झाड लगेच मरत नाही. काही वर्षांनी शेंडा वाळायला लागतो, मग "झाड धोकादायक आहे" म्हणून तेही तोडतात. त्यामुळे फरसबंदी देवळाच्या ओट्यापुरती ठेवा. बाकी पायवाटेवर चिरा मोकळा मांडा, सिमेंट न भरता. झाडलोट ओट्याची आणि वाटेची करा, आणि गोळा केलेला पाचोळा जाळू नका, झाडांखालीच परत पसरा.

आणि आधी सातबारा काढा. जमीन देवाच्या नावावर आहे, देवस्थान समितीच्या ताब्यात आहे, वन आहे की खाजगी, यावर तोडीची परवानगी कुणाची लागेल ते ठरतं.

हिरवळ_पुणे

छान धागा. आमच्या सोसायटीच्या मागे अर्धा एकर मोकळी जागा आहे. तिथं देवराई करायची असल्यास कोणती झाडं किती अंतरावर लावावीत? मियावाकी पद्धतीने तीन वर्षांत होते असं ऐकलं. प्रश्नात "मूल्य व मर्यादा" आहे, म्हणजे खर्चाचाही विचार असेलच.

सह्यकन्या

हिरवळ, प्रश्न लागवडीचा नाही. जी राखली गेली ती देवराई, लावली ती वनराई किंवा बाग. तिला बाग म्हणून महत्त्व आहेच, पण इथं उत्तर वेगळं लागतं.

रानपारखी

बरोबर. हिरवळ, एवढंच सांगतो: आपल्याकडच्या जंगलातली काही झाडं सावलीत, हळू वाढतात. एकदम दाट लावली की लवकर वाढणाऱ्या जाती वरचं ऊन अडवतात आणि बाकीची दबून मरतात. जवळच्या देवराईतलं बी आणून, तिथं उगवतं तेच लावा, आणि नुसती झाडं नकोत, वेल व झुडपंही हवीत. लागवडीचा वेगळा धागा काढा, तिथं सविस्तर बोलू.

नदीकाठ

सगळे देवराईवरच अडकलेत. प्रश्नात "सारख्या पारंपरिक पद्धती" आहे. किमान एक दुसरी पद्धत यायला हवी. देवाचे मासे घ्या. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे, वरदायिनीचं स्थान. वाड्याजवळ वैतरणेवर तिळसे आहे. दोन्हीकडे देवळापाशी डोहात महसीर राखलेत, कुणी गळ टाकत नाही.

इथं मर्यादा आणखी स्पष्ट दिसते. महसीर अंडी घालायला पावसाळ्यात प्रवाहात वर चढतो, त्याला गोटे-वाळूचा वाहता उथळ तळ लागतो. बंदी आहे फक्त डोहापुरती. वर बंधारा झाला, वाळू उपसली, किंवा खाली सुरुंग लावून मासे मारले, तर डोहातले मोठे मासे दिसत राहतील पण बारके कमी होतील. रानपारखी रोपांबद्दल म्हणतात तेच इथं पिलांबद्दल. भाविकांच्या फुटाण्यांवर माजलेले मोठे मासे पाहून डोह निरोगी आहे असं ठरवू नये.

कायदेपंडित_सोलापूर

"कायदेशीर संरक्षण द्यावे" हे शेवटचं वाक्य मोघम आहे. देवरायांसाठी वेगळा केंद्रीय कायदा नाही. जमीन कुणाची, यावर मार्ग ठरतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने समुदाय राखीव क्षेत्र आलं, कलम ३६-सी खाली. ते सामुदायिक किंवा खाजगी जमिनीसाठी. जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३७ खाली वारसा स्थळ, बांबर्ड्यासारखं. वनजमिनीवर असेल तर वनहक्क कायदा २००६ मधला सामूहिक वनसंपत्तीचा हक्क. त्या दाव्यात देवराई, पवित्र झाडं, तळी पुरावा म्हणून मान्य आहेत. पण तो देवस्थानच्या किंवा खाजगी जमिनीला लागू नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा १८ डिसेंबर २०२४ चा निकाल जरूर लिहा. राजस्थानच्या ओरणांची मोजणी व नकाशे करून त्यांना समुदाय राखीव क्षेत्राचा दर्जा देण्याविषयी तो आहे. केंद्रानेही देशभरातल्या देवरायांसाठी धोरण करावं, अशी शिफारस त्यात आहे.

दोडामार्गकर

दर्जा मिळाला की खरंच बरं होतं का, यावर मला शंका आहे. एकदा शासनाची पाटी लागली की गावकरी म्हणतात, आता शासन बघेल. राखणदाराचा धाक जातो आणि वनरक्षक तर रोज येत नाही. ओरणात गुरं चारणाऱ्यांनाही हीच भीती असणार, की चराईच बंद होईल.

कायदेपंडित_सोलापूर

भीती निराधार नाही. समुदाय राखीव क्षेत्र जाहीर झाल्यावर जमिनीचा वापर बदलायचा तर व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य शासनाची मान्यता लागते. खाण किंवा कारखाना अडवायला ते उपयोगी. पण समितीत खरे राखणारे बसतात की आणखी कुणी, यावर सगळं आहे.

अभ्यासिका_नाशिक

सगळ्यांचं वाचून नव्याने लिहिलं:

"देवराई, ओरण किंवा देवडोह ही समाजाने नियम घालून राखलेली अधिवासाची तुकडेवजा क्षेत्रे आहेत. त्यांचे मूल्य व मर्यादा या नियमांच्या व्याप्तीतूनच ठरतात.

झाड तोडण्यावरील बंदीमुळे भोवतालचे जंगल नष्ट झाल्यावरही काही अधिवास टिकले. सिंधुदुर्गातील बांबर्डे येथील २.५९ हेक्टर देवराईत रानजायफळाची दलदल आहे. अशी पाणथळ जमीन इतरत्र बागायतीखाली गेली असती. जुन्या वृक्षांच्या ढोल्यांत धनेशासारखे पक्षी घरटी करतात. पाचोळ्यामुळे पाणी मुरण्यास मदत होते. अजिवलीत माडी काढण्याची मुभा आहे, म्हणजे नियंत्रित वापर व संवर्धन एकत्र नांदू शकतात.

मात्र बंदी तोडीवर असते. चराई, झाडलोट व फरसबंदीवर नसते. परिणामी वृक्ष उभे राहतात, पण नवी रोपे वाढत नाहीत. एक हेक्टरच्या चौकोनी देवराईत कडेचा ३० मीटर पट्टा प्रभावित धरल्यास आतील अधिवास केवळ १६ टक्के उरतो. बियांचा प्रसार करणारे पक्षी न आल्यास जाती एकाकी होतात. वाळणकोंड येथे डोहातील महसीर सुरक्षित आहे, पण त्याची प्रजननस्थळे डोहाबाहेर आहेत. नियम श्रद्धेवर उभा असल्याने जमिनीची किंमत वाढताच तो सैल होतो. कोडगूतील देवरकाडूंचे क्षेत्र १९०५ मधील ६,२७७ हेक्टरवरून १९८५ मध्ये २,५५० हेक्टरवर आले.

म्हणून देवराया अभयारण्यांना पर्याय नसून पूरक आहेत. त्यांना ओढ्याकाठच्या झाडीने जोडणे, आत चराईमुक्त पट्टे राखणे आणि जमिनीच्या मालकीनुसार समुदाय राखीव क्षेत्र, वारसा स्थळ वा वनहक्क यांपैकी मार्ग निवडणे आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निकालाने या दिशेने शिफारस केली आहे. मात्र दर्जा देताना स्थानिक राखणदारी कायम राहिली पाहिजे."

रानपारखी

हे उत्तर वाचून परीक्षक थांबेल. शब्द थोडे कमी करा. "तुकडेवजा क्षेत्रे" ऐवजी "अधिवासाचे छोटे तुकडे" म्हणा. "आतील अधिवास १६ टक्के" याशेजारी छोटा चौकोन काढून आतला चौकोन रेघांनी भरा, दोन ओळी वाचतील. कोडगूच्या आकड्यापुढे एवढं जोडा की जमीन प्रामुख्याने कॉफी आणि शेतीखाली गेली, नाहीतर श्रद्धा कमी झाली म्हणून क्षेत्र घटलं असा अर्थ निघतो.

सह्यकन्या

"चराईमुक्त पट्टे" मला खटकतं. ओरण तर चराईसाठीच राखलेलं असतं. कोकणातला उपाय राजस्थानात कसा चालेल?

नदीकाठ

तिथं फिरती चराई म्हणता येईल. एक भाग पावसाळ्यात बंद, पुढच्या वर्षी दुसरा. पण पाऊसच नीट नसेल त्या वर्षी मेंढपाळ बंद भाग बंद ठेवतील का, हे मला तरी ठामपणे सांगता येत नाही.

गावकर_राजापूर

सातबारा काढला. जमीन देवाच्या नावावर आहे, वहिवाटदार म्हणून मानकरी. गुरवाशी बोललो. तो म्हणाला, गाऱ्हाणं परत घालायला हरकत नाही, पण सातातली दोन झाडं ओट्याला लागूनच आहेत, त्यांचं काय करायचं? एक सातवीण आहे आणि एक बेहडा.

रानपारखी

बेहड्यात ढोली आहे का ते आधी पाहा, आणि जानेवारी ते मे या काळात धनेशाची ये-जा आहे का ते. मादी ढोलीचं तोंड लिंपून आत बसते आणि नर चारा आणतो, त्यामुळे एकच पक्षी परत परत त्याच खोडाकडे येताना दिसतो, आणि ढोलीखाली विष्ठा व फळांच्या बिया पडलेल्या असतात. तसं असेल तर फोटो काढून ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला द्या आणि लोकजैवविविधता नोंदवहीत नोंद करून घ्या. ओट्याचा कोपरा दोन-तीन हात आत घेता येतो का, हे गवंड्याला विचारून मगच कौलाला बसा.